नदी बोअरपेक्षा स्वच्छ आहे

नववीच्या वह्या तपासत बसले होते. पाणी तपासणीच्या युनिटमधला पहिला तक्ता सगळ्यांचा भरून झाला होता आणि त्याच्या खालीच प्रश्न होता, नदी आणि सोसायटीची बोअर यातलं जास्त दूषित पाणी कुठलं ते कारणासह लिहा. एका मुलाने ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'बोअरचं पाणी जास्त दूषित आहे. नदीचं पाणी बोअरपेक्षा स्वच्छ आहे, कारण नदीचा टीडीएस कमी आहे आणि नायट्रेटपण कमी आहे.' लाल पेन हातात धरून मी बराच वेळ नुसतीच बघत राहिले. हाच मुलगा दोन दिवस आधी पुण्यातल्या मुठा नदीवरच्या राजाराम पुलावर शर्टाची कॉलर नाकावर ओढून उभा होता, शिपाईमामांनी दोरीला बांधलेली बादली वर ओढली तेव्हा 'ई, बाई, फेस बघा' असं हाच ओरडला होता, आणि तरी वहीत हे. बरं, तक्ता बघावा तर त्याचं काहीसुद्धा चुकलेलं नाही.

| नमुना | पीएच | टीडीएस (मि.ग्रॅ./लिटर) | नायट्रेट (मि.ग्रॅ./लिटर) |
|---|---|---|---|
| शाळेचा नळ | ७.५ | ९० | १० पेक्षा कमी |
| सोसायटीची बोअर | ७.० | ८२० | ५० |
| नदी, राजाराम पुलाखाली | ७.५ | ३१० | १० पेक्षा कमी |

पिण्याच्या पाण्याच्या आपल्या मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण, ५०० पर्यंत चांगला धरलाय आणि दुसरा सोर्सच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतलाय, नायट्रेटची मर्यादा ४५ आणि त्यात सूट नाही. म्हणजे आकडे धरून बसलं तर नदी पास आणि बोअर नापास. त्या मुलाने नाकावर विश्वास न ठेवता आकड्यांवर ठेवला, जे आपणच वर्षभर शिकवत असतो.

मला ते उत्तर काही केल्या सोडेना.

आधी टीडीएसचं बघू म्हटलं, कारण आजकाल हा आकडा सगळ्यांच्या तोंडी झालाय. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोडवर जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे पेशंट वाढले आणि दूषित पाण्यावर संशय आला तेव्हा आमच्या पालकांच्या ग्रुपवर रोज कोणी ना कोणी त्या पेनासारख्या मीटरचा फोटो टाकायचं, 'आमच्याकडे ११०, टेन्शन नाही', की खाली अंगठ्यांची रांग. भीती खरी होती, लहान मुलं असलेल्या घरात तर फारच, पण ते मीटर त्या भीतीबद्दल एक शब्दही बोलत नव्हतं. त्याच्या टोकाला दोन छोट्या पट्ट्या असतात, पाण्यातून वीज किती सहज जाते ते तो मोजतो आणि त्या आकड्याला ठरलेल्या गुणकाने, बहुतेक ०.५ ते ०.७ च्या मधल्या कुठल्यातरी, गुणून टीडीएस म्हणून दाखवतो. वीज वाहून नेतात ते पाण्यात विरघळलेले क्षार. जंतू, विष्ठा, तेल, गाळ यातलं काही त्याला दिसत नाही. वर्गात हे नुसतं सांगून भागणार नव्हतं म्हणून दुसऱ्या दिवशी मी दोन ग्लास घेतले. नळाचं पाणी, मीटर ९०. एका ग्लासात भरपूर साखर विरघळवली, चमचा वाजवून वाजवून, पार सरबत होईपर्यंत, आणि मीटर बुडवला तर आकडा जवळपास तिथेच. दुसऱ्यात फक्त चिमूटभर मीठ, तर दोन आकड्यांचा चार आकडी झाला. मागच्या बाकावरून आवाज आला, 'बाई, साखर त्याला दिसतच नाही.' मग मी विचारलं, साखर दिसत नाही, तर अजून काय काय दिसत नसेल, आणि त्यावर वर्ग एकदम गप्प झाला, पुलावरचा वास सगळ्यांना एकाच वेळी आठवला असावा.

बोअरचे ८२० कुठून आले हे मात्र मला लहानपणापासून माहीत होतं, तेव्हा आकडा माहीत नव्हता एवढंच. आम्ही पेठेतून धायरीला राहायला गेलो तेव्हा तिथे बोअर होती, आणि पहिल्याच आठवड्यात आई वैतागली होती की तूरडाळ शिजतच नाही, कुकरच्या कितीही शिट्ट्या करा, डाळ आपली वेगळी आणि पाणी वेगळं. शेवटी ती चिमूटभर सोडा टाकायला लागली. साबणाला फेस येईना, केस धुतले की चिकट, बादलीच्या कडेला पांढरी रेघ, आणि पातेल्यात पाणी उकळलं की तळाला पांढरा थर जो नखाने खरवडला तर पापुद्रा निघायचा. हे सगळं आपल्या काळ्या दगडातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. पावसाचं पाणी मुरुमातून, मग बेसॉल्टच्या भेगांमधून वर्षानुवर्षं झिरपत जातं आणि दगडातलं थोडं थोडं बरोबर घेतं. याला घाण म्हणता येणार नाही. डाळीला त्रास देतं, गिझरला त्रास देतं, पण नुसतं तेवढं असेल तर माणसाला फारसं काही करत नाही. उलट नदीचं बघा, खडकवासल्यातून येणारं मूळ पाणी अगदी मऊ, नळाचे ९० म्हणजे तेच. पावसाळा सोडला तर धरणाचं पाणी कालव्याने आणि पाइपाने जातं, पुलाखाली जे वाहतं त्यात नाल्यांचं पाणीच जास्त, म्हणजे आपणच नळाने घेतलेलं, वापरलेलं आणि सोडून दिलेलं. धुण्याभांड्यात, आंघोळीत, संडासात एकदा वापरलं की साधारण दोनतीनशेने क्षार वाढतात. ९० चे ३१० झाले ते असे. त्यामुळे नदीचा टीडीएस कमी आहे याचा अर्थ एवढाच की ती घाण होण्याआधी धरणाचं मऊ पाणी होती.

इथपर्यंत मुलांना पटलं. पण त्या मुलाने हात वर केला आणि अगदी बरोबर जागी बोट ठेवलं. 'पण बाई, नायट्रेटचं काय? नायट्रेट तर सांडपाण्यातूनच येतं असं पुस्तकात आहे. मग नदीत ते जास्त पाहिजे ना?'

पाहिजे. आणि नव्हतं. पट्टी सगळ्या गटांनी लावून बघितली, नदीच्या पाण्यात पॅड जेमतेम फिकट गुलाबी, बोअरच्या पाण्यात चांगलं गडद. किटबरोबर आलेल्या वर्कशीटमध्ये याचा कुठे उल्लेखच नव्हता, अमोनियाची टेस्टही किटमध्ये नव्हती, आणि उत्तर तर तिथेच होतं. म्हणून मी फिशटँकवाल्यांकडे मिळतो तो अमोनियाचा किट घेऊन आले. मासे पाळणाऱ्यांना हे फार चांगलं माहीत असतं, टँक नवा असला की अमोनियाने मासे मरतात म्हणून ते पाणी सारखं तपासतात. छोट्या काचेच्या नळीत पाच मिली पाणी, दोन बाटल्यांमधले मोजून थेंब, हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. पिवळं राहिलं तर अमोनिया नाही, जितकं हिरवं तितका जास्त. नळाचं पिवळं, बोअरचंही पिवळं. नदीचं मात्र मिनिटभरातच हिरवं पडायला लागलं आणि पाच मिनिटांनी इतकं काळपट हिरवं झालं की रंगांच्या कार्डवर तसा रंगच नव्हता.

अशा वेळी पोरं कार्डावरचा सगळ्यात शेवटचा आकडा लिहून मोकळी होतात, आणि तक्त्यात तो आकडा खरा असल्यासारखा बसून राहतो. तो खरा नसतो, त्याचा अर्थ फक्त 'एवढ्यापेक्षा जास्त' असा असतो. म्हणून बिनसुईच्या सिरिंजने नदीचं १ मिली पाणी घेतलं, त्यात ९ मिली डिस्टिल्ड वॉटर घातलं, हलवलं आणि त्यातलं पाच मिली परत तपासलं. शेजारी नुसत्या डिस्टिल्ड वॉटरचीही एक नळी ठेवली, कारण तेच खराब असेल तर सगळंच मुसळ केरात. डिस्टिल्डची नळी पिवळी राहिली, दहापट पातळ केलेल्या नदीचा रंग कार्डावरच्या १ शी जुळला. म्हणजे मूळ पाण्यात १० च्या आसपास. पिण्याच्या पाण्यासाठी अमोनियाची मर्यादा ०.५ आहे. नदीचं पाणी कोणी पिणार नव्हतं, पण 'स्वच्छ' या शब्दाचं काय करायचं ते त्या एका हिरव्या नळीने ठरवलं. तो मुलगा नळी खिडकीकडे धरून बघत होता आणि मला त्याच्या चेहऱ्यावर हरल्याचं काही दिसलं नाही, उलट काहीतरी सापडल्यासारखं दिसलं, आणि मला फार बरं वाटलं.

मग फळ्यावर आम्ही ते पूर्ण जुळवलं. माणसाच्या लघवीतला नायट्रोजन नाल्यात येतो तो आधी अमोनिया होतो. पाण्यात किंवा मातीत हवा असेल तर काही जंतू त्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, पण त्याला ऑक्सिजन भरपूर लागतो, अमोनियातल्या १ मि.ग्रॅ. नायट्रोजनला साधारण साडेचार मि.ग्रॅ. आता पुण्याच्या उंचीवर २५ अंशाच्या एक लिटर पाण्यात ऑक्सिजन मावतोच मुळात पावणेआठच्या आसपास. नदीत अमोनिया १० असेल तर त्याला चाळीसच्या आसपास ऑक्सिजन लागेल, आणि जो थोडाफार आहे तो बाकीची घाण खाणारे जंतू आधीच संपवून बसलेत. त्यामुळे राजाराम पुलाखाली घाण अजून ताजी आहे, अमोनियाच्या रूपात, आणि नायट्रेटच्या पट्टीला ती दिसत नाही. बोअरकडे जाणारं पाणी मात्र मातीतून सावकाश उतरतं. जुने सेप्टिक टँक, फुटकी गटारं, आणि बिल्डिंग व्हायच्या आधी तिथे शेतं होती त्यातलं खत. मातीच्या पोकळ्यांमध्ये हवा असते, तिथे अमोनियाचं आरामात नायट्रेट होतं. शिवाय अमोनिया मातीला चिकटून राहतो, नायट्रेट चिकटत नाही, ते पाण्याबरोबर सरळ खाली भेगांमध्ये जातं. एकाच घाणीची ही दोन वयं. पहिल्या तक्त्यात म्हाताऱ्या घाणीचा कॉलम होता, ताज्या घाणीचा नव्हता.

जंतूंच्या बाटल्या तोपर्यंत कोपऱ्यात थर्माकोलच्या खोक्यात बसलेल्याच होत्या. एच टू एसची बाटली म्हणतात तिला, आमच्याकडे नाव पडलं 'काळी बाटली'. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या लोकांनी १९८२ मध्ये ही पद्धत मांडली, गावोगावी लॅब नसताना चालावी म्हणून. निर्जंतुक बाटलीत औषध लावून वाळवलेली कागदाची पट्टी असते, खुणेपर्यंत पाणी भरायचं, बूच लावायचं आणि २४ ते ४८ तास उबेत ठेवायचं. विष्ठेबरोबर येणारे काही जंतू पट्टीतल्या गंधकापासून हायड्रोजन सल्फाइड करतात, तो पट्टीतल्या लोहाशी मिळतो आणि पाणी काळंकुट्ट होतं. यात पोरं चुकतात ती दोनच ठिकाणी. बाकीच्या टेस्टना बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची सवय लावलेली असते, ही मात्र अजिबात विसळायची नाही आणि बुचाच्या आत बोट लावायचं नाही. आणि दुसरं म्हणजे थंडी. पुण्यात जानेवारीच्या रात्री वर्गातलं तापमान इतकं उतरतं की जंतू असूनही वेळेत काळं होत नाही आणि सगळे 'पाणी सुरक्षित' लिहून मोकळे होतात. म्हणून खोक्यात एक जुना पिवळा बल्ब आणि थर्मामीटर, ३५ च्या आसपास राहील असं. नदीची बाटली दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी दार उघडलं तेव्हाच काळी झालेली होती. नळाची नाही, उकळून गार केलेल्या पाण्याची नाही, आणि बोअरचीही ४८ तास झाले तरी नाही. सगळं झाल्यावर प्रत्येक बाटलीत ब्लीचिंग पावडरचं पाणी घालून तासभर ठेवून मग ओतलं, ते काम मीच ग्लोव्हज घालून केलं.

वर्ग लगेच दुसऱ्या टोकाला गेला. बोअरची बाटली काळी झाली नाही, म्हणजे बोअर चांगली!

इथे एक मुलगी उठली, एरवी फारशी न बोलणारी. तिच्याच सोसायटीची ती बोअर. म्हणाली, बाई, आमच्याकडे छोटा भाऊ आहे, चार महिन्यांचा, आईला दूध कमी येतं म्हणून पावडरचं दूध देतो, पण आई बोअरचं पाणी वीस मिनिटं उकळते, मग ते चालेल ना? माझ्या पोटात गोळा आला, खरंच सांगते. कारण नायट्रेटची ४५ ची मर्यादा मुळात अशाच बाळांसाठी आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होऊ शकतं, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहू देत नाही, ओठ आणि नखं निळसर दिसायला लागतात. आणि उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी वाफ होऊन जातं, नायट्रेट पातेल्यातच राहतं. आम्ही ते तिथल्या तिथे फळ्यावर केलं, एक लिटर पाण्यात ५० मि.ग्रॅ., उकळून ८०० मिली उरलं, तर आता लिटरला ६२.५. ज्या उपायाला घराघरात आपण डोळे झाकून मानतो, तो इथे आकडा वाढवत होता. आणि तिची आई तर बिचारी सगळ्यात जास्त काळजी घेणारी बाई.

पण ५० वर तरी किती भरवसा ठेवायचा, हाही प्रश्न होताच. एका गटाने बोअरचं नायट्रेट ५० लिहिलं होतं आणि दुसऱ्या गटाने १०, एकाच बादलीतलं पाणी. बराच वाद झाला, मग कोणीतरी दोन्ही डब्यांवरची बारीक अक्षरं वाचली. एका कंपनीच्या पट्टीवर पूर्ण नायट्रेटचा आकडा होता, दुसरीवर त्यातल्या फक्त नायट्रोजनचा. नायट्रोजनच्या आकड्याला ४.४ ने गुणलं की नायट्रेट मिळतं, १० चे ४४. म्हणजे दोन्ही गट जवळपास एकच सांगत होते. पण ४४ आणि ५० च्या बरोबर मधे ४५ ची रेघ येते, आणि पट्टीवर रंगच मोजके, १०, २५, ५०, १००, त्यामुळे रेघेच्या अलीकडे की पलीकडे हे डोळ्याने रंग जुळवून ठरवणं शक्यच नाही. शाळेतला किट इथपर्यंतच नेतो. तो म्हणतो, इथे बघा, आणि पुढचं काम लॅबचं.

त्या संध्याकाळी मी मुलीच्या आईला फोन केला. लॅबचा आकडा यायच्या आधीच केला, कारण थांबण्यात काही अर्थ नव्हता. बाळाच्या दुधाला बोअर नको, महापालिकेच्या नळाचं पाणी उकळून घ्या म्हटलं. त्यांनी आधी विचारलं, 'पण मॅडम, आमच्याकडे यूव्हीवाला फिल्टर आहे, तरी?' यूव्हीने जंतू मरतात, नायट्रेट तसंच राहतं, कँडलच्या फिल्टरनेही जात नाही. आरओने बरंच कमी होतं. बाळाचे ओठ-नखं कधी निळसर वाटली का, हेही विचारलं, नाही म्हणाल्या, तरी डॉक्टरांना पाण्याचं सांगून ठेवा म्हटलं. थोडा वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, शेजारच्या बिल्डिंगमध्ये नळाला कॉर्पोरेशनचं पाणी येतं, तिथून सकाळी दोन कळशा आणते. मला वाईटही वाटलं, चार महिन्यांचं बाळ घरात असलेल्या बाईला मी सकाळची अजून एक खेप लावली होती.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी नमुना लॅबमध्ये दिला. रिपोर्टात नायट्रेट ५८ आलं. आता बोअर फक्त वापरायला, प्यायला नाही, असं सोसायटीने ठरवलंय आणि कोपऱ्यातला जुना सेप्टिक टँक उपसून बघणार आहेत.

वर्गातलं युनिट मात्र संपलेलं नाही. पहिल्या पावसानंतर त्याच बोअरचं नायट्रेट परत तपासायचं ठरलंय, आणि काय होईल ते प्रत्येकाने आत्ताच कारणासह वहीत लिहून ठेवलंय. ज्याच्या उत्तरावरून हे सगळं सुरू झालं तो म्हणतो, वाढणार, कारण उन्हाळाभर मातीत साचलेलं नायट्रेट पहिलं पाणी खाली ढकलेल. ती मुलगी म्हणते, नवीन पाणी मिसळून पातळ होईल, कमी येणार. दोघांनी एकमेकांच्या कारणात चुका काढून झाल्यात, मलाही दोन्हीत तथ्य दिसतंय. पाऊस किती जोरात आणि किती दिवस पडतो यावर बरंच अवलंबून आहे, म्हणून जूनमध्ये एकदाच न तपासता ऑगस्टमध्येही तपासू म्हटलंय, आणि यावेळी तक्त्यात शेवटचा एक कॉलम जास्तीचा आखलाय, त्या दिवसापर्यंत पडलेल्या पावसाचा.